एकांकिकेत काळ मागे-पुढे नेताना: घटनाक्रमाच्या कार्डांपासून रंगीत तालमीपर्यंत

कादंबरीच्या वाचकाला चार पानं मागे उलटता येतात. नाटकाच्या प्रेक्षकाला ती सोय नाही. प्रवेश सुरू झाल्यावर ‘हे आधीचं की नंतरचं?’ हे त्याला कळलं नाही, तर पुढची दोन मिनिटं तो संवाद ऐकत नसतो, हिशोब करत असतो. पंचेचाळीस मिनिटांच्या एकांकिकेत असं चार वेळा झालं की शेवटचा धक्का त्याच्यापर्यंत पोचतच नाही. बहुतेक संहितांमध्ये ही चूक लेखनाआधीच होते. काळाची मोडतोड आधी ठरते आणि गोष्ट मागाहून शोधली जाते.

ही प्रक्रिया पुढे एका उदाहरणावर दाखवली आहे. उदाहरण काल्पनिक आहे, पण त्याच्या मुळाशी असलेली घटना सगळ्यांना ठाऊक आहे: ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेला किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन आटोपून गावं झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद अशी घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली.

आपल्या एकांकिकेत पात्रं तीन. अण्णा, त्यांची मुलगी मंगल आणि मुलगा दिलीप. मंगल नवी लग्न झालेली, गणपतीसाठी माहेरी आलेली, वय १९. दिलीप १० वर्षांचा. आई आधीच वारली आहे. त्या रात्री मंगलचं अण्णांशी भांडण होतं, कारण तिला सासरी परत जायचं नाही. रागाच्या भरात ती झोपलेल्या दिलीपला गोधडीसकट ओढत अंगणात नेते आणि दाराला बाहेरून कडी घालते. पहाटे घर पडतं. दोघं भावंडं वाचतात, अण्णा जातात. २०१८ मध्ये दिलीप जुन्या गावठाणातल्या जागेच्या कागदांवर मंगलची सही घ्यायला येतो. अण्णा आपल्या हट्टापायी आत झोपले असं तो आजवर मानत आला आहे. कडीचं त्याला माहीत नाही.

## १. आधी गोष्ट सरळ लिहा

घटनाक्रम उलटसुलट करायचा असला तरी तो आधी सरळ हातात असायला हवा. पोस्टकार्डाच्या आकाराचे जाड कागद घ्या. एका घटनेला एक कार्ड. रंगमंचावर न दिसणाऱ्या घटनांचीही कार्डं करा. मंगलचं लग्न, आईचा मृत्यू, नव्या गावठाणात मिळालेलं घर, ही सगळी कार्डं टेबलावर हवीत.

प्रत्येक कार्डावर चार गोष्टी लिहा: तारीख आणि वेळ, प्रत्येक पात्राचं वय, काय घडलं, आणि कोणाला काय माहीत आहे. चौथी ओळ बहुतेक जण गाळतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो. प्रेक्षक काळ ओळखतो तो कॅलेंडरवरून कमी आणि पात्राच्या माहितीवरून जास्त. मंगलच्या बोलण्यात कडीचं ओझं जाणवत असेल तर तो भूकंपानंतरचा काळ. ती अण्णांवर नुसती चिडलेली असेल तर आधीचा. हा फरक लेखकालाच धड माहीत नसेल तर दिव्यांचे रंग बदलून काही साधत नाही.

उदाहरणातली दोन कार्डं अशी:

२९ सप्टेंबर १९९३, रात्री साधारण ११. मंगल १९, दिलीप १०. भांडणानंतर मंगल दिलीपला ओढत अंगणात आणते आणि बाहेरून कडी घालते. माहीत कोणाला: फक्त मंगलला. दिलीप झोपेत आहे. अण्णा आत आहेत, त्यांना कडीचा आवाज आला की नाही हे नाटक सांगत नाही.

१ ऑक्टोबर २०१८, दुपारी ३. मंगल ४४, दिलीप ३५. दिलीप कागद घेऊन येतो. त्याला माहीत आहे: अण्णा आत होते, आपण बाहेर होतो. माहीत नाही: आपण बाहेर का होतो.

वयांची बेरीज कागदावर करा, मनात नको. १९ अधिक २५ म्हणजे ४४, इतकं सोपं गणितही संवाद लिहिताना चुकतं. मग कोणीतरी ‘वीस वर्षं झाली’ म्हणतो आणि तिसऱ्या रांगेतला माणूस उरलेला प्रवेश त्या पाच वर्षांवर घालवतो.

तपासणी: ही सगळी गोष्ट सरळ क्रमाने, कार्डाकडे न बघता, कोणाला तरी पाच मिनिटांत सांगून पाहा. मध्येच ‘थांब, त्याआधी असं झालेलं असतं’ असं म्हणावं लागलं तर एक कार्ड राहिलं आहे.

## २. आधारकाळ ठरवा आणि काळ मोडण्याचं कारण एका प्रश्नात लिहा

दोन काळांपैकी एक आधारकाळ असतो. नाटक त्यात सुरू होतं, त्यातच संपतं, आणि दर वेळी प्रेक्षक तिथे परत येतो. दुसरा भेटीचा काळ. दोघांना सारखं वजन दिलं की प्रेक्षकाला ‘आत्ता’ कुठे उभं राहायचं ते कळत नाही. आपल्या उदाहरणात आधारकाळ २०१८.

आधारकाळाला स्वतःची निकड लागते. हे नसेल तर त्यातली पात्रं खुर्चीवर बसून आठवणी काढत राहतात आणि प्रेक्षक आधारकाळ परत आला की घड्याळ बघतो. इथे निकड साधी आहे: तलाठी कार्यालय बंद व्हायच्या आत कागद पोचवायचा आहे, सही आत्ता हवी. मंगल सही करत नाही. का करत नाही, हा २०१८ चा प्रश्न, आणि त्याचं उत्तर १९९३ मध्ये आहे. म्हणून काळ मोडायचा. इतकं नेमकं कारण एका वाक्यात लिहिता आलं नाही तर गोष्ट सरळ क्रमानेच सांगा, ती जास्त चांगली होईल.

किती काळ घ्यावेत? एकांकिकेत दोन. तिसरा घ्यायचाच असेल तर तो एकदाच, एका प्रवेशापुरता यावा आणि परत येऊ नये. तीन काळ आलटून पालटून आले की प्रेक्षकाला दर उडीला तिघांतून एक निवडावा लागतो. दोनच असले की ‘हा नाही म्हणजे तो’ इतकं पुरतं.

आणि एक कडक नियम: प्रत्येक काळ आपापल्या आत सरळ पुढेच जाऊ द्या. १९९३ चा धागा संध्याकाळी सुरू होऊन पहाटेकडे जातो, २०१८ चा दुपारपासून कार्यालय बंद होईपर्यंत. उड्या दोन धाग्यांच्या मध्ये आहेत, धाग्याच्या आत नाहीत. भेटीचा काळ उलटा नेण्याचे प्रयोग होतात, पण मग आधारकाळात दुसरी एकही गुंतागुंत चालत नाही. पहिल्या तीन संहितांत तरी हे करू नका.

## ३. कार्डं जमिनीवर मांडा

आता क्रम. दोन रंगांची कार्डं करा, म्हणजे एका नजरेत उड्या मोजता येतात. उदाहरणाची मांडणी ४२ मिनिटांची आहे:

1. २०१८, ६ मिनिटं. दिलीप येतो. सही मागतो. ट्रंकेत त्याला गंजलेली कडी सापडते, मंगल ती हिसकावून घेते.
2. १९९३, ५ मिनिटं. विसर्जनाहून परतलेले अण्णा आणि मंगल. अण्णा दाराला आतून कडी लावतात.
3. २०१८, ६ मिनिटं. सहीवरून वाद. दिलीप अण्णांना दोष देतो.
4. १९९३, ५ मिनिटं. सासरच्या विषयावरून भांडणाची सुरुवात.
5. २०१८, ५ मिनिटं. मंगल अण्णांची बाजू घेते. दिलीपला ते पटत नाही.
6. १९९३, ३ मिनिटं. भांडण टोकाला. मंगल गोधडी उचलते.
7. २०१८, ४ मिनिटं. मंगल बोलायला लागते आणि थांबते.
8. १९९३, २ मिनिटं. अंगण. बाहेरून कडी.
9. दोन्ही काळ एकत्र, ३ मिनिटं.
10. २०१८, ३ मिनिटं. कागद.

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. पहिल्या दोन भेटी पाच-पाच मिनिटांच्या आहेत, कारण प्रेक्षकाला त्या काळात बूड टेकायला वेळ हवा. तिसरीपासून तो सरावतो, म्हणून भेटी आखूड होत जातात. उलट केलं, म्हणजे सुरुवातीलाच चाळीस सेकंदांच्या झलका दाखवल्या, तर लेखकाला वेग आल्यासारखं वाटतं आणि प्रेक्षकाला काही तरी निसटल्यासारखं.

दुसरी गोष्ट, प्रत्येक उडीच्या आधीच्या प्रवेशात एक न सुटलेली गोष्ट ठेवली आहे आणि उडी तिच्याकडेच जाते. पहिल्या प्रवेशात कडी हिसकावली, दुसऱ्यात तीच कडी दारावर. तिसऱ्यात दिलीप म्हणतो अण्णा हट्टी होते, चौथ्यात अण्णा काय म्हणत होते ते दिसतं. प्रेक्षक जे विचारत असतो त्याच दिशेने उडी मारली तर तो तुमच्या पुढे धावतो. वेगळ्याच विषयावर मारली तर तो मागे राहतो.

नेहमीची चूक: सातव्या प्रवेशात मंगलने सगळं सांगून टाकायचं आणि आठव्यात तेच दाखवायचं. मग आठवा प्रवेश चित्रफितीसारखा पुरावा होऊन बसतो. मंगलने सातव्यात ‘त्या रात्री मी दार…’ इथवरच यावं.

तपासणी: भेटीच्या काळाचं एक कार्ड काढून घ्या. आधारकाळाचा पुढचा प्रवेश जसाच्या तसा चालत असेल तर ते कार्ड नकोच आहे.

## ४. खुणा निवडा

प्रेक्षकाने काळ ओळखायचा तो खुणांवरून. खूण दिसणारी असेल, ऐकू येणारी असेल किंवा संवादातली. प्रत्येक उडीच्या पहिल्या १५ ते २० सेकंदांत तिन्ही प्रकारची एकेक खूण यायला हवी. एकीवर विसंबू नका: मागच्या रांगेतल्या माणसाला रंग नीट दिसत नाही, कडेला बसलेल्याला स्पीकरचा आवाज कमी येतो, आणि कोणाला तरी नेमका त्याच क्षणी खोकला येतो.

सगळ्यात भक्कम खूण म्हणजे माणूस. उदाहरणात अण्णा फक्त १९९३ मध्ये आहेत. जागा असलेला दिलीप फक्त २०१८ मध्ये. दोन्ही काळांत वावरणारी एकटी मंगल. म्हणजे रंगमंचावर कोण आहे एवढ्यावरूनच काळ कळतो. दहा वर्षांचा दिलीप रंगमंचावर आणूच नका. मोठ्या नटाने हाफ पँट घालून लहान मुलगा करायचा, हा उपाय विनोदी नाटकातच चालतो. इथे कोपऱ्यातली गोधडीची गुंडाळी पुरते, आत कापूस किंवा जुने कपडे भरा. तो झोपेत असणं कथेलाही हवंच आहे, कारण त्यामुळेच त्याला कडीचं माहीत नाही. पात्रयादी करतानाच स्वतःला विचारा: दोन्ही काळांत येणारी पात्रं एकावर आणता येतील का?

दुसरी भक्कम खूण जागा. २०१८ चं घर रंगमंचाच्या एका बाजूला, १९९३ चं दुसऱ्या बाजूला, आणि १९९३ ची बाजू सहा इंचांच्या लेव्हलवर, म्हणजे उंच चौथऱ्यावर. जागा ठरली की ती कधीच बदलायची नाही, नवव्या प्रवेशापर्यंत.

तिसरी, वस्तू. कडी इथे दोन्ही काळांत आहे आणि तिची स्थिती बदलते. तिच्या दोन प्रती करा. एक तेल लावलेली, दाराच्या चौकटीत बसवलेली. दुसरी गंजलेली, ट्रंकेतली. एकच कडी दोन्हीकडे वापरली तर नटीला ती इकडून तिकडे न्यावी लागते आणि घाईत एखाद्या प्रयोगाला ती भलत्याच काळात राहते. वस्तू निवडताना ती मागच्या रांगेतून दिसेल अशी आणि आवाज करणारी निवडा. पत्र, फोटो, अंगठी या कागदावर फार छान वाटतात, पण दहाव्या रांगेतून ते नुसते हात हलवणं असतं.

मंगल दोन्ही काळांत एकच नटी करणार असेल तर पोशाखातला बदल पाच सेकंदांत व्हायला हवा. म्हणून दोन्हीकडे तीच साडी. १९९३ मध्ये पदर कमरेला खोचलेला आणि वेणी पुढे. २०१८ मध्ये पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, वेणी मागे, आणि चष्मा. चष्मा फक्त पहिल्या चार रांगांसाठी आहे हे लक्षात ठेवा, खरं काम पदर करतो.

सावधान: पडद्यावर ‘१९९३’ अशी अक्षरं टाकून काम भागत नाही. वर्षाचा आकडा प्रेक्षकाच्या डोक्यात टिकत नाही. त्याच्या डोक्यात टिकतं ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपानंतर’. म्हणून काळांना आकड्यांऐवजी घटनेने ओळखू द्या, आणि संवादातही तसंच बोलू द्या. खेड्यातली माणसंही काळ असाच सांगतात.

## ५. उडी लिहा

पहिली उडी ही शिकवणी असते. ती सावकाश आणि पूर्ण दाखवायची, थोडी उघडी वाटली तरी. दुसरी उडी अगदी त्याच पद्धतीने. तिसरीपासून कापत न्यायचं. प्रेक्षकाला नियम दोनदा दिसला की तो स्वतः वापरू लागतो. लेखक मात्र उलटं करतात, पहिलीच उडी सगळ्यात चलाख करतात.

उदाहरणातली पहिली उडी: मंगल गंजलेली कडी दिलीपच्या हातातून ओढते आणि पदराआड धरते. दूर ढोल ऐकू येतो. ती त्या आवाजाच्या दिशेने वळते, कडी ट्रंकेत टाकते, पदर खोचत १९९३ च्या बाजूला चालत जाते. तिचं पाऊल लेव्हलवर पडतं तेव्हा तिथला प्रकाश चढतो आणि अण्णा दाराला आतून कडी घालतात. तोच आवाज. साधारण बारा सेकंदांचं काम आहे, आणि यात अंधार कुठेच नाही.

अंधार टाळण्याचं कारण व्यवहारी आहे. ब्लॅकआउट झाला की प्रेक्षक प्रवेश संपला असं समजतो, टाळ्या वाजवतो, मोबाईल बघतो, शेजाऱ्याशी बोलतो. नऊ उड्यांना नऊ ब्लॅकआउट दिले तर तुम्ही नऊ वेळा त्याला बाहेर घालवून परत बोलावता. एका बाजूचा प्रकाश उतरत असताना दुसऱ्या बाजूचा चढवा, आणि एक माणूस कायम दिसत राहू दे.

आता उडीनंतरचं पहिलं वाक्य. ते काळ सांगणारं हवं, पण काळ सांगण्यासाठी उच्चारलेलं वाटता कामा नये. वाईट नमुना:

> दिलीप: ताई, भूकंपाला पंचवीस वर्षं झाली. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि तू एकोणीस वर्षांची होतीस.

ताईला हे माहीत आहे. तिला आधीच माहीत असलेली माहिती तिलाच सांगितली की प्रेक्षकाला लेखक दिसतो. हीच माहिती भांडणात घाला:

> दिलीप: दहा वर्षांचा होतो मी, ताई. आता माझं पोरगं दहाचं झालंय. कधी सांगणार आहेस?

आणि १९९३ कडे जाताना:

> अण्णा: मंगे, पोरगं तसंच झोपलं का गं? गणपतीच्या मागं नाचून नाचून पाय दुखले असतील.
> मंगल: दिल्या व्हय? जेवला बी न्हाई.

इथे तारीख नाही, आणि तरीही तीन खुणा आल्या: विसर्जनाची रात्र, दिलीप लहान, अण्णा जिवंत. हाक मारण्याची पद्धत ही आपल्या भाषेतली फुकटात मिळणारी खूण आहे. १९९३ मध्ये मंगलच्या तोंडी ‘दिल्या’, २०१८ मध्ये ‘दिलीप’. अण्णांच्या तोंडी ‘मंगे’, आणि २०१८ मध्ये तिला ‘मंगे’ म्हणणारं कोणी उरलेलंच नाही. एकदा ठरलं की संहितेत शोधून प्रत्येक हाक तपासा. तालमीत नट सवयीने चुकतात, आणि २०१८ मधला एक चुकलेला ‘दिल्या’ दहा सेकंदांचा गोंधळ घालतो.

नियम मोडायचा तो एकदाच, नवव्या प्रवेशात. मंगल १९९३ च्या अंगणात दाराशी उभी आहे, दिलीप २०१८ च्या बाजूने तिला विचारतो, आणि ती तिथूनच, पदर खोचलेला असतानाच, त्याला उत्तर देते. आठ प्रवेश सीमा पाळली म्हणूनच ती ओलांडल्याचं इथे प्रेक्षकाला कळतं. चौथ्या प्रवेशात हेच आधी करून ठेवलं असतं तर नववा प्रवेश नुसता विस्कळीत वाटला असता.

तपासणी: संहितेतली प्रत्येक उडी वेगळ्या कागदावर काढा: आधीचं शेवटचं वाक्य, हालचाल, आवाज, नंतरचं पहिलं वाक्य. नऊ उड्या एकाखाली एक वाचल्या की कोणती खूण कुठे राहिली ते लगेच दिसतं.

## ६. प्रकाश आणि ध्वनी

दोन काळांसाठी रंग निवडण्यापेक्षा दिशा निवडा. २०१८ चा प्रकाश समोरून, पांढरा आणि सपाट, ट्यूबलाइटसारखा. १९९३ चा एका बाजूने, खालून येणारा, दिव्यापुढे लावलेल्या पिवळसर रंगाच्या पारदर्शक कागदातून, म्हणजे अंबर जेलमधून. त्याने भिंतीवर सावल्या मोठ्या पडतात. जेल जुनं असो, हॉलचे दिवे कमी असोत, दिशेतला फरक टिकतो. फक्त रंगावर विसंबलेला फरक नव्या हॉलमध्ये गेल्यावर विरून जातो.

ध्वनी प्रकाशाच्या दोन सेकंद आधी सुरू करा. कानाला काळ आधी कळला की डोळ्याला बदल दचकवत नाही. १९९३ साठी लांबचा ढोल, आणि रात्र वाढेल तसा तो थांबून नुसते रातकिडे. २०१८ साठी पंख्याची घरघर. ढोल हळूहळू विरतो यामुळे एक जास्तीचं काम होतं: भूकंपाची वेळ जवळ येते आहे हे संवादाशिवाय कळतं.

प्रकाश आणि ध्वनी यांचे क्यू एकाच माणसाने द्यावेत. दोघं आपापल्या संहितेवरून चालवत असतील तर कधी तरी अण्णांच्या तोंडावर पंख्याची घरघर येणारच.

## ७. परक्या माणसांवर चाचणी

तालमी बघितलेल्या कोणालाही विचारून उपयोग नाही. नाटकाबद्दल काहीच न ऐकलेली तीन-चार माणसं बोलवा, आणि त्यांत एखादा नाटक फारसं न बघणारा असू द्या. पहिली चाचणी दिवे आणि ध्वनी न लावता करा. नुसते संवाद आणि हालचाली. इथे काळ कळला तर बाकीचं सगळं वरकड आहे.

‘समजलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. चौथ्या, सहाव्या आणि आठव्या प्रवेशात तीसेक सेकंद झाल्यावर थांबवा आणि प्रत्येकाला कागदावर दोन उत्तरं लिहायला सांगा. हे भूकंपाआधी की नंतर? आणि मंगलला आत्ता काय माहीत आहे? शेवटी दहा कार्डं फेटून द्या आणि घडलेल्या क्रमाने लावायला सांगा.

चुका वाचायच्या अशा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर त्या उडीत खूण कमी आहे, संहितेत काही बदलू नका, खूण घाला. पहिलं बरोबर आणि दुसरं चुकलं तर संवादांत पात्राची माहिती सांडली आहे. बहुधा १९९३ च्या मंगलच्या तोंडी पश्चात्तापाचं एखादं वाक्य शिरलेलं असतं, ते काढा. कार्डं लावताना दोघांतिघांनी एकाच जागी घोळ केला तर त्या दोन कार्डांच्या मध्ये एक न दाखवलेली घटना आहे, तिचा एका ओळीत उल्लेख कुठे तरी करावा लागेल. आणि एकानेच, भलत्याच जागी चूक केली असेल तर सोडून द्या. त्याच्यासाठी खुलाशाचं वाक्य घालाल तर बाकीच्यांना ते टोचेल.

एका वेळी एकच दुरुस्ती करा आणि पुढच्या चाचणीला नवी माणसं आणा. जुन्यांना आता गोष्ट ठाऊक आहे.

## ८. रंगीत तालीम आणि ऐनवेळचे प्रसंग

रंगीत तालमीत दिग्दर्शकाने किमान दहा मिनिटं शेवटच्या रांगेत बसावं आणि पाचेक मिनिटं अगदी कडेच्या खुर्चीवर. कडेवरून १९९३ ची लेव्हल २०१८ च्या टेबलामागे झाकली जात असेल तर टेबल हलवा, नाही तर त्या बाजूच्या प्रेक्षकाला जागेची खूण मिळतच नाही.

स्पर्धेच्या हॉलमध्ये दिवे हळूहळू चढवणारा-उतरवणारा डिमर चालत नाही, असं कधी कधी सांगितलं जातं. त्यासाठी उड्यांची दुसरी आवृत्ती आधीच बसवून ठेवा: रंगमंचावर पूर्ण वेळ एकसारखा प्रकाश आणि काळ बदलतो तो फक्त मंगलच्या चालण्याने, पदराने आणि कडीच्या आवाजाने. या आवृत्तीत तिला आधारकाळातून निघताना दोन सेकंद थांबून मगच लेव्हलवर पाय ठेवायला सांगा, आणि त्या दोन सेकंदांत दिलीपने जागच्या जागी स्थिर व्हायचं. तो कागद चाळत राहिला तर दोन्ही काळ एकाच वेळी जिवंत दिसतात आणि नवव्या प्रवेशासाठी राखून ठेवलेलं आधीच खर्च होतं. एक पूर्ण तालीम अशी बिनदिव्यांची घ्या. नटांना ती कंटाळवाणी वाटते, पण कोणती उडी केवळ दिव्यावर उभी होती ते तिच्यातच सापडतं.